पुढं पांढरी, मागं पिवळी : एका कथेच्या कामाच्या नोंदी

११ फेब्रुवारी २०२४, वाई

दिवाळी अंकासाठी कथा द्यायची आहे. तीन हजार शब्द, जुलैअखेर. आज कामाला सुरुवात.

हातात एकच गोष्ट आहे. २००८ च्या जानेवारीत पाचगणीच्या पुढे पारसी पॉइंटवर मी एका मुलाला पाहिलं होतं. दहा-अकरा वर्षांचा असेल. कणसांच्या गाड्यामागे उभा राहून तो एका परदेशी गाडीचा नंबर वहीत उतरवत होता. एक अक्षर लिहायचा, मान वर करायचा, पुन्हा एक अक्षर. मी त्याच्याशी बोलले नाही. वहीत आणखी काय होतं तेही पाहिलं नाही. सोळा वर्षं हे दृश्य डोक्यात आहे, आणि कथा मात्र होत नाही, कारण नंबर लिहून घेणं हा नुसता छंद झाला. त्या वहीमुळे त्या मुलाच्या हातून काहीतरी घडायला हवं.

आज पुन्हा तिथं जाऊन आले. खाली धोम धरणाचं पाणी, रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग, स्ट्रॉबेरीच्या टोपल्या. तासभर थांबले. परदेशी पाटीची एकही गाडी आली नाही. एमएच १२, एमएच १४, एमएच ०९, मधूनच गुजरातची. म्हणजे त्या मुलाला एका नोंदीसाठी आठवडे थांबावं लागत असणार. वहीची पानं हळूहळू भरतात हे कथेत दिसलं पाहिजे.

मुलाचं नाव सुऱ्या. बापाला तो नाना म्हणतो. घर पाचगणीजवळच्या वाडीत. आई पॉइंटवर कणसं भाजते.

१८ फेब्रुवारी

सुऱ्याला काय माहीत असेल आणि काय नसेल, यावर दिवस गेला.

रस्त्याकडेच्या मुलांना राज्यांची अक्षरं पाठ असतात. जीजे गुजरात, केए कर्नाटक, जीए गोवा. एमएच ११ सातारा, १० सांगली, ५० कराड. तर मग परदेशी पाटी दिसली की तो तीही याच कोष्टकात बसवून बघणार. माझा सगळा विचार आतापर्यंत ‘त्याला अक्षरं कळत नाहीत’ असा चालला होता. खरी गोष्ट उलटी आहे. त्याला अक्षरं कळतात, फक्त देश चुकतो.

परदेशात गाडी नेली तरी तिथला नवा नंबर घ्यावा लागत नाही, घरचाच चालतो. १९४९ च्या रस्ते वाहतुकीच्या जिनिव्हा करारानुसार मागे लंबगोलात देशाची अक्षरं लावायची असतात, पांढऱ्यावर काळी. जर्मनीचं डी, फ्रान्सचं एफ. ही एकेरी अक्षरं सुऱ्याच्या कोष्टकात कुठेच बसत नाहीत, म्हणून ती त्याला लगेच ‘बाहेरची’ म्हणून कळतील. पण स्वित्झर्लंडचं सीएच आहे, आणि आपल्याकडे सीएच म्हणजे चंदीगड. नेदरलँड्सचं एनएल आहे, आणि आपल्याकडे एनएल म्हणजे नागालँड. क्रोएशियाचं एचआर म्हणजे आपलं हरियाणा. स्लोव्हाकियाचं एसके म्हणजे सिक्कीम.

स्विस गाडीच्या मागच्या पाटीवर दोन ढाली असतात. एका ढालीवर लाल रंगात पांढरा क्रॉस, दुसरीवर त्या कँटनचं, म्हणजे तिथल्या प्रांताचं चिन्ह. पुढच्या लहान पाटीवर या ढाली नसतात. सुऱ्याने मागून पाहिलं तर तो लिहील, ‘चंदीगड. दवाखान्याची गाडी.’ हे मला फार आवडलं. तो चुकलेला नाही, जेवढं ठाऊक आहे तेवढ्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष नीट आहे. कथेचा स्वभाव असाच राहायला हवा. त्याच्या अज्ञानावर वाचकाने हसू नये, त्याच्यासोबत विचार करत चालावं.

२ मार्च

वहीचं पहिलं पान लिहिलं. शंभरपानी वही, पट्टीने आखलेले चार रकाने : तारीख, नंबर, पाटीचा रंग, कुठली.

रंगाचा रकाना मी सहज टाकला होता, पण तो फार उपयोगी ठरणार असं दिसतंय. आपल्याकडे पांढऱ्यावर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी आणि पिवळ्यावर काळी म्हणजे भाड्याची. (माझ्या लहानपणी खासगी गाडीची पाटी काळी असायची. कथा २००८ ची असल्याने तो घोळ नाही.) नेदरलँड्सच्या गाडीला पुढेमागे दोन्हीकडे पिवळीच पाटी असते, डाव्या कडेला निळ्या पट्टीत तारे आणि खाली बारीक एनएल. सुऱ्या लिहितो, ‘नागालँड. टॅक्सी.’

मग तो गाडीच्या पुढून जातो आणि बघतो तर डायव्हर डावीकडे बसलाय. इथे त्याला पहिला नियम सापडतो. आज लिहिलेला तुकडा :

*सुऱ्यानं काच पुसल्यासारखं करून आत बघितलं. स्टिअरिंग उलट्या अंगाला होतं. त्यानं परत गाड्याकडं येऊन वही उघडली, ‘नागालँड’वर काट मारली आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलं : डाव्या हाताला स्टिअरिंग आसंल तर बाहेरची. उजव्या हाताला आसंल तर आपली.*

हा नियम त्याच्या दृष्टीने पक्का आहे. चंदीगडची दवाखान्याची गाडीही तो मागे जाऊन खोडतो. तिचं स्टिअरिंग डावीकडे होतं हे त्याला आठवतं.

९ मार्च

आज कथा हलली.

नियम केला की तो मोडणारी गाडी आणायची, एवढ्या साध्या हेतूने मी ब्रिटिश व्हॅन घेतली. ब्रिटनमध्ये आपल्यासारखंच उजवीकडे स्टिअरिंग. पाट्यांची माहिती वाचताना जे विसरले होते ते समोर आलं. तिथे गाडीची पुढची पाटी पांढरी असते आणि मागची पिवळी. १९७३ पासून नव्या गाड्यांना चकाकणाऱ्या पाट्या सक्तीच्या झाल्या, तेव्हापासून हे असंच आहे. नंबर दोन्हीकडे तोच, रंग तेवढा वेगळा.

आता सुऱ्याच्या जागी उभं राहून बघायचं. व्हॅन संध्याकाळी येते, तोंड त्याच्याकडे. तो लिहितो : पांढरी. म्हातारं जोडपं रात्री तिथंच मुक्काम करतं. सकाळी तो येतो तेव्हा व्हॅन निघायच्या बेतात आहे, पाठ त्याच्याकडे. तो लिहितो : पिवळी. रात्री वही वाचताना त्याला दिसतं की दोन्ही ओळींत नंबर एकच आहे. आणि स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे त्याच्या नियमाप्रमाणे गाडी आपली. आपल्या कायद्यातली.

म्हणजे आपल्या कायद्यात अशी गाडी असू शकते, जी पुढून घरची आणि मागून भाड्याची.

हे वाक्य वहीच्या समासात लिहून मी उठले. या समजुतीचा त्याला उपयोग काय, हे अजून ठाऊक नाही, पण कथा याच वाटेने जाईल.

१० मार्च

व्हॅनच्या नंबराचा प्रश्न. ब्रिटनमध्ये २००१ पासून दोन अक्षरं, दोन आकडे, तीन अक्षरं अशी रचना आहे. पहिली दोन अक्षरं नोंदणीच्या भागाची. एस स्कॉटलंडचं, एसएन एडिंबराकडचं. आकडे गाडीच्या वयाचे. मार्चपासून नोंदलेल्या गाडीला त्या वर्षाचा आकडा, सप्टेंबरपासून नोंदलेल्या गाडीला त्यात पन्नास मिळवून. तेव्हा ५२ असेल तर पन्नास वजा करायचे, उरले २, म्हणजे २००२ च्या सप्टेंबरपासून २००३ च्या फेब्रुवारीपर्यंतची गाडी. पाच वर्षं वापरलेली, एवढा लांबचा प्रवास झेपणारी. मला हवी तशी. एसएन ५२.

शेवटची तीन अक्षरं ठरवताना अडले. कुठलीही घातली तरी ती कुणाच्या तरी खऱ्या गाडीची निघणार. आय आणि क्यू ही अक्षरं त्या तिघांत देत नाहीत, म्हणून ती वापरली तर नंबर नक्की खोटा होईल. पण जाणकार वाचकाला ते खटकेल आणि सुऱ्याच्या वहीवरचा विश्वास उडेल. शेवटी त्या तीन अक्षरांवर स्ट्रॉबेरीचा रस सांडू दिला. दोन्ही ओळींत नाही, पहिल्याच ओळीत. दुसऱ्या ओळीत आईची हाक येते आणि त्याचं लिहिणं अर्धवट राहतं. दोन ओळींतला नंबर एकच, हे त्याला पहिल्या चार खुणांवरून कळतं.

एक जोड : म्हातारा ब्रिटिश त्याला ५२ चं गणित बोटांनी समजावतो. सुऱ्या पन्नास वजा करून दोन काढतो, म्हातारा खूश होतो. रंगाबद्दल मात्र सुऱ्या काहीच विचारत नाही, कारण त्याबद्दल त्याला शंकाच नाही. एक गोष्ट बरोबर कळल्यामुळे दुसरी चुकीची गोष्ट त्याच्या मनात अधिकच घट्ट होते.

२४ मार्च

दादा होळीला आला आहे. माझ्या थोरल्या भावाने नऊ वर्षं वाई-महाबळेश्वर वडाप केलं. त्याला सहज व्हॅनची गंमत सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, “पांढऱ्या पाटीवर शिटं भरायची म्हणजे पोटात गोळाच असायचा गं. घाटात पुढं कुणी हात दाखवला की आधी टोपी बघायची.”

मग तो बराच वेळ बोलत राहिला. खासगी जीपमध्ये मागे समोरासमोर बाकडी टाकून चौदा-पंधरा माणसं. परमिट नाही. गाडी धरली की दंड, कधी गाडीच अडकवून ठेवायची, आणि ती सुटेपर्यंत हप्ता थकायचा. एकदा त्याची गाडी धरली होती तेव्हा वहिनीने कानातलं मोडलं, हे मला आज कळलं.

मी विचारलं, मग पाटी पिवळी का नाही करून घेतली? तो म्हणाला, “रंगानं काय होतंय? परमिट लागतं, फिटनेस लागतं, बॅज लागतो. रंग ही नुसती खूण.”

रात्री झोप आली नाही. सुऱ्याचे नाना वडाप करतात. पांढरी पाटी आहे म्हणून गाडी धरली गेली, एवढंच पोराने घरात ऐकलंय. परमिट वगैरे शब्द मोठ्यांच्या बोलण्यात येतात आणि त्याच्या डोक्यावरून जातात. त्याला दिसतो तो रंग. आणि त्याच्या वहीत, स्वतःच्या अक्षरात, पुढे पांढरी आणि मागे पिवळी अशी उजव्या स्टिअरिंगची गाडी आहे. पकडणारे तर गाडी पुढे गेली की मागूनच नंबर घेतात.

तो नानांच्या जीपची मागची पाटी पिवळी करणार.

३१ मार्च

करणार, पण कशी? इथे आठवडा गेला.

पाट्या रंगवणाऱ्या एका जुन्या पेंटरला भेटले. त्या काळात पाट्या हातानेच रंगवत. पत्र्यावर आधी पांढरा इनॅमल, तो वाळला की शिस्याने आखणी, मग काळी अक्षरं. त्यांनी सरळ सांगितलं की तयार पाटीवर अक्षरं तशीच ठेवून भोवती पिवळा भरणं अकरा वर्षांच्या पोराला जमायचं नाही. अक्षरांच्या कडा खातील, ओघळ येतील. शिवाय थंडीत इनॅमल लवकर वाळत नाही, रात्री लावला तर सकाळी बोटाला येईल. रंगाचा डबा आणायला पैसे कुठले, हा प्रश्न वेगळाच.

म्हणजे असा रंग हवा जो घरात आहे, पांढऱ्यावर चढतो आणि काळ्यावर दिसत नाही.

संध्याकाळी भाजीला फोडणी घालताना उत्तर मिळालं.

६ ते ८ एप्रिल

पाडव्याची साफसफाई चालू आहे, त्यातच हे प्रयोग. डब्याच्या पत्र्याचे चार तुकडे पांढऱ्या इनॅमलने रंगवून ठेवले होते, त्यांवर काळ्याने ‘११’ काढलं होतं.

पहिला तुकडा : पाण्यात कालवलेली हळद. ओली असताना झकास पिवळी. वाळल्यावर फुंकर मारली तरी उडते.

दुसरा : गोडेतेलात हळद. रंग दाट, पण वाळतच नाही. रस्त्यावर दहा मिनिटांत धूळ बसून मातकट होईल.

तिसरा : वहीला कव्हर घालताना वापरतात त्या पांढऱ्या गोंदात हळद. हा जमला. गोंद वाळला की पारदर्शक होतो, हळद आत धरून ठेवतो. पांढरं पिवळं झालं आणि काळी अक्षरं काळीच राहिली. जवळून पाहिलं तर ब्रशचे फराटे दिसतात, वीस पावलांवरून पाटी पिवळी वाटते. सुऱ्याला दूरूनच बघायची सवय आहे.

चौथा तुकडा गोंद-हळदीचाच, पण दिवसभर गच्चीवर उन्हात ठेवला. संध्याकाळी फिकट पडला होता. हळदीचा रंग उन्हाने उडतो. कथेत पाटीला जेमतेम एखाद-दोन दिवस मिळतील असं धरायचं.

शेवटी तिसरा तुकडा धुवायला घेतला, त्या क्षणी हात थांबला. कपड्यांची पावडर टाकलेल्या पाण्यात पत्रा बुडवला आणि पिवळ्याचं लालभडक झालं. पाणी खाली ओघळलं तेही तांबडं. हळदीच्या डागाला साबण लागला की लाल होतो हे प्रत्येक घरातल्या बाईला माहीत असतं. पावडरीतल्या सोड्यामुळे हे होतं. साध्या पाण्याने खळबळून घेतलं की रंग परत पिवळ्याकडे येतो. मला हे लहानपणापासून ठाऊक आहे आणि तरी मी तो पत्रा हातात धरून बघतच बसले.

या लालाचं कथेत काहीतरी होणार. अजून ठरवत नाही.

२१ एप्रिल

मधला भाग लिहून झाला. शनिवारी रात्री सुऱ्या पाटी रंगवतो. नाना रविवारी पहाटे अंधारात निघतात, पुढून चढतात, मागे बघत नाहीत. सुऱ्या आईबरोबर पॉइंटवर जातो आणि दिवसभर रस्त्याकडे तोंड करून उभा राहतो. वाई-महाबळेश्वर दोन फेऱ्या, म्हणजे जीप चार वेळा समोरून जाणार.

*पहिल्यांदा जीप आली तशी त्यानं मान खाली घातली. पुढची पाटी पांढरी. नानांनी हॉर्न दिला. जीप पुढं गेली, वळणावर तिची पाठ दिसली आणि पिवळा ठिपका झाडाआड गेला.*

*“कुणाकडं बगतोयास?” आई म्हणाली.*

*“नानांची गाडी.”*

*“रोज जाती की ती.”*

*“व्हय.”*

या भागात मी काहीच घडू दिलेलं नाही, आणि तो मला सगळ्यात चांगला उतरला असं वाटतं. त्या रस्त्यावर एकाच माणसाला ठाऊक आहे की या गाडीच्या दोन बाजू वेगळ्या आहेत. तिसऱ्या वेळेपर्यंत त्याची भीती जाते. चौथ्या वेळेला तो वही काढतो.

५ मे

शेवट लिहिला आणि फेकला. त्यात घाटाच्या तोंडाशी गाडी धरली जात होती, नाना उतरून मागे येत होते, पिवळी पाटी बघत होते, अंमलदार हसत होता. वाचायला चटकदार, पण खोटं. एकतर त्या हसण्याने सुऱ्याची चूक लोकांच्या करमणुकीची झाली. दुसरं म्हणजे गाडी धरली जाणं हे वाचकाला रंगाचा विचार आल्यापासूनच दिसतंय. जे दिसतंय तेच पुन्हा दाखवून काय मिळणार?

दुसरा शेवट : उन्हाने पाटी हळूहळू फिकी पडते, कुणालाच काही कळत नाही. हाही ठेवला नाही. तो हळुवार आहे, पण नाना आणि सुऱ्या त्यात समोरासमोर येतच नाहीत.

१९ मे

सापडला.

रविवारी रात्री नाना जीप धुतात. अंगणात, घरातला दिवा दारातून बाहेर आलेला, बादलीत कपड्यांची पावडर. पुढून सुरुवात करतात. काच, बॉनेट, बाजू. मागे येऊन फडकं मारतात आणि पायाशी सारवलेल्या अंगणात लाल ओघळ येतो.

नानांना हळदीचं माहीतच नाही. घाटात दिवसभर गाडी चालवलेल्या माणसाला लाल पाणी म्हणजे एकच गोष्ट वाटणार.

*नानांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. ते वाकले. मग गुडघ्यावर बसले आणि चाकाच्या आतल्या बाजूला हात घालून चाचपू लागले. टायरच्या खाचांतनं बोटं फिरवली, बोटं उजेडात धरली.*

*“कुठं लागलं,” ते म्हणाले. कुणालाच नव्हे. “कुनाला लागलं?”*

*त्यांनी दुसऱ्या चाकाखाली हात घातला. शेवटच्या फेरीला आंबेनळीच्या फाट्यापाशी काहीतरी आडवं गेल्यासारखं वाटलं होतं. कुत्रं आसंल म्हणून थांबले नव्हते.*

सुऱ्या दारात उभा आहे. आता त्याला बोलावंच लागेल. गाडी पकडली जाईल ही भीती त्याला नव्हतीच. समोर आपला बाप चाकाखाली हात घालून काहीतरी शोधतोय, आणि ते थांबवायचं तर पाटीचं सांगावं लागणार.

वाचकाला हळदीचं ठाऊक आहे. नानांना नाही. या दोन माहितींमधल्या अंतरात शेवट उभा राहतो. हे लिहून झालं तेव्हा हात गार पडले होते.

९ जून

दादाला फोनवर पूर्ण कथा वाचून दाखवली. तासभर लागला. त्याने तीन गोष्टी सांगितल्या.

आंबेनळी घाट महाबळेश्वरच्या पुढे पोलादपूरकडे उतरतो. वाई-महाबळेश्वर वडापच्या वाटेत तो येत नाही. मी नावाच्या नादाने लिहिलं होतं. त्या जागी पसरणी घाट घातला आणि शेवटची फेरी वाईहून वर घराकडे येणारी केली. त्यामुळे भीतीही ताजी राहते, कारण घाट नुकताच चढून झालेला आहे.

दुसरं, बोलणं. नाना पोराला ‘बाळा’ म्हणतात असं मी लिहिलं होतं. तो म्हणाला, “दिवसभर वडाप करून आलेला मानूस बाळा म्हणंल व्हय? आरं-तुरंच करंल.” बदललं.

तिसरं त्याने न विचारता सांगितलं. गाडीखाली हात घालून बघणं त्याच्याही बाबतीत एकदा झालं होतं, रात्री अकरा वाजता, टॉर्च घेऊन. काही निघालं नाही. पण तीन दिवस तो त्या वळणावर गाडी सावकाश नेऊन झाडीत बघायचा. हे कथेत घालू का विचारलं, तर बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “घाल. नाव नको.”

तीन दिवसांचं वळण घातलं नाही. कथा त्या रात्रीच्या पुढे जात नाही. पण नाना टायरच्या खाचांतून एकेक बोट फिरवतात, ते मी त्याच्या बोलण्यानंतर सावकाश केलं. आधी एका वाक्यात होतं, आता चार वाक्यांत आहे.

१६ जून

काटछाट. शब्द ३,४००, चारशे काढायचे.

परदेशी गाड्यांच्या सीमाशुल्काच्या कागदाचा, म्हणजे कार्नेचा परिच्छेद गेला. प्रत्येक देशात शिरताना आणि निघताना त्यावर शिक्का लागतो, गाडी विकायची नाही, परत न्यायचीच, हे मला सांगायची फार हौस होती. पण सुऱ्याला ते कळायचा काही मार्ग नाही, आणि ही कथा त्याच्या नजरेबाहेर कुठेच जात नाही.

जर्मन गाडीचा प्रसंग निम्मा केला. ट्युबिंगेनच्या पाटीवर टी आणि त्यापुढे दोन ठिपक्यांचा यू असतो. सुऱ्याला ते ठिपके पाटी बसवलेल्या स्क्रूंची डोकी वाटतात आणि तो ते लिहीत नाही. हे ठेवलं, कारण तो जे दिसेल ते जसंच्या तसं उतरवतो असं आधी म्हटलं होतं, आणि इथे पहिल्यांदा तो स्वतःच्या अकलेने काहीतरी गाळतो. पुढे रंगाच्या बाबतीत तेच होणार आहे.

लंबगोलातली अक्षरं पुन्हा तपासली. ब्रिटनने २०२१ च्या सप्टेंबरपासून जीबी सोडून यूके घेतलं. कथा २००८ ची असल्याने जीबीच हवं. एका जागी चुकून यूके पडलं होतं, दुरुस्त केलं.

२३ जून

शेवटचा परिच्छेद सातव्यांदा लिहिला. नाना रागावतात, जवळ घेतात, हसतात, रडतात, हे सगळं लिहून पाहिलं आणि सगळं खोडलं. दादाला पुन्हा विचारलं नाही. त्या माणसाने त्या क्षणी काय केलं असतं हे मलाच ठरवायला हवं.

आता असा आहे :

*“रगत न्हाय ते,” सुऱ्या म्हणाला. “हळद हाय.”*

*नाना चाकाखालनं उठले नाहीत.*

*“मागच्या पाटीला मीच लावलीया. पिवळी व्हावी म्हणून. वहीत हाय तसली गाडी. पुढं पांढरी, मागं पिवळी. दावू का?”*

*नानांनी बोटं नाकाजवळ नेऊन हुंगली. मग फडकं बादलीत बुडवून पिळलं आणि पाटी परत पुसायला घेतली. एमएच पुसलं, अकरा पुसलं. पाणी तांबडं येत होतं तवर पुसत राहिले.*

*“आण की वही,” ते म्हणाले.*

शब्द ३,०१२. पाकीट उद्या टपालात टाकते.